‘प्लीज शेअर करा’, पण कोणाला?

‘अर्जंट!! आमचा लाडका बंड्या कालपासून हरवलाय. तो फार गोड आणि घाबरट आहे. कोणाला दिसल्यास कृपया कळवा. प्लीज सगळ्या ग्रुपवर शेअर करा.’ सोबत फोटो, वाढदिवसाची टोपी घातलेला आणि चादरीत गुंडाळलेला एक नारिंगी चेहरा.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज पडला की पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागते. कोणीतरी ‘काळजी करू नका, येईल’ म्हणतं, मग पाण्याच्या टँकरचा विषय निघतो आणि बंड्या वर सरकून दिसेनासा होतो. लोकांना मदत करायची नसते असं नाही. त्यांनी नेमकं काय करायचं, हेच मेसेजमध्ये नसतं. बंड्या मांजर आहे की कुत्रा, हेसुद्धा फोटो उघडल्यावर कळतं.

अशी सूचना लिहिण्याआधी हरवलेलं मांजर कुठे जातं हे ठाऊक असावं, कारण मजकूर त्यावर ठरतो. जन्मभर फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर बाहेर पडलं की भटकायला निघत नाही. ते घाबरतं आणि जी पहिली अंधारी, अरुंद जागा दिसेल तिथे शिरून बसतं. तिथून ते ओरडत नाही, अगदी मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही, कारण भ्यालेल्या किंवा दुखावलेल्या मांजराला आवाज करणं म्हणजे आपली जागा शत्रूला सांगणं. बाराशेहून अधिक मांजरमालकांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी पाऊणहिस्सा ५०० मीटरच्या आतच सापडली होती. घरातच राहणाऱ्या मांजरांचं अंतर बाहेर हिंडणाऱ्यांपेक्षा कमी होतं. ज्यांनी स्वतः फिरून शोधलं, त्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त होती. सात दिवसांच्या आत साधारण एक तृतीयांश मांजरं मिळाली होती.

म्हणजे ठाण्यातल्या मावसबहिणीच्या ग्रुपवर बंड्याचा फोटो पोचून काहीच साधत नाही. तो बहुधा बी विंगच्या मागेच कुठेतरी आहे आणि ज्यांच्या गाडीखाली, ज्यांच्या बाल्कनीत तो असू शकतो, अशा शंभरेक माणसांनी एकदा वाकून बघायला हवं आहे. सूचना त्यांना उद्देशून हवी. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना भिऊन बोका खिडकीतून निसटला असं समजू या. मी ती सूचना अशी लिहीन:

‘मांजर हरवलं आहे. नारिंगी पट्ट्यांचा देशी बोका, वय ४ वर्षं. मंगळवार, २१ ऑक्टोबर, रात्री ८ च्या सुमारास बी विंगच्या मागच्या खिडकीतून बाहेर पडला. पोट आणि पुढचे दोन्ही पंजे पांढरे, डाव्या कानाचं टोक छाटलेलं, शेपटी लांब. गळ्यात पट्टा नाही. आजवर कधी घराबाहेर गेलेला नाही, त्यामुळे हाकेला येणार नाही, लपून बसेल. विनंती: गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा आणि बॉनेटवर दोन थापा मारा. तळमजल्याची बाल्कनी, डक्ट, मीटर रूम, जिन्याखालची अडगळ इथे एकदा टॉर्च मारा. दिसला तर पकडायला जाऊ नका. फोटो काढा आणि जागा व वेळ लगेच कळवा, रात्री कितीही वाजले तरी चालेल. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका आणि आपल्या वॉचमनला फोटो दाखवा. सापडला की इथेच कळवू.’ खाली दोन फोन नंबर, कारण एक माणूस शोधात असताना त्याचा फोन हमखास बॅटरी संपून बंद पडतो.

यात ‘काल’ नाही, तारीख आहे. फॉरवर्ड झालेल्या मेसेजमधला ‘काल’ महिनाभर ‘काल’च राहतो. गोड, लाडका, घाबरट हे शब्द गेले, कारण त्यांवरून बोका ओळखता येत नाही. छाटलेला कान मात्र लांबूनही दिसतो. नसबंदी केल्याची खूण म्हणून कानाचं टोक छाटतात. ही खूण लिहिली नाही, तर एखादा भला माणूस तुमच्या बोक्याला सोसायटीतलाच भटका समजून सोडून देईल. ‘हाकेला येणार नाही’ हे वाक्यही मुद्दाम आहे. ते नसलं की दहा मुलं जिन्यातून ‘बंड्या, बंड्या’ ओरडत पळतात आणि बोका आणखी आत सरकतो. घाबरलेलं मांजर ओळखीच्यालाही चावतं, म्हणून ‘पकडू नका’. चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी डॉक्टर गाठायचा.

फ्लॅट नंबर आणि ‘आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असतो’ हे मी लिहिणार नाही. मेसेज कुठवर जाईल हे तुमच्या हातात नसतं.

फोटो टोपीचा नको. बोका उभा असलेला, शेपटीसकट पूर्ण अंग दाखवणारा, बाजूने काढलेला हवा. पट्टेवाल्या मांजराच्या दोन्ही कुशींवरची नक्षी सारखी नसते, म्हणून जमल्यास डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजू द्याव्यात. मजकूर वेगळा आणि फोटो वेगळा असं पाठवलं, तर दुसऱ्या ग्रुपवर नुसतं मांजर पोचतं आणि लोक त्याला ‘सो क्यूट’ म्हणून मोकळे होतात. मजकूर फोटोखाली त्याच मेसेजमध्ये लिहावा, शिवाय ‘हरवला आहे’, तारीख आणि नंबर फोटोवरच मोठ्या अक्षरांत टाकावेत. चूक राहिली तर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, पण तोवर फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच राहतात. अ‍ॅडमिनला सांगून मेसेज सात दिवसांसाठी पिन करून घेतला, की टँकरच्या चर्चेखाली तो गाडला जात नाही. मेसेज पाच हातांतून पुढे गेला की त्यावर दुहेरी बाणाचा शिक्का बसतो आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तो शिक्का पाहिला की लोक एरवी येणाऱ्या अफवांच्या ढिगात तुमचा बोकाही टाकतात. म्हणून शेजारच्या सोसायटीला दहाव्या हाताने पोचलेली प्रत नको. तिथल्या ओळखीच्या माणसाला तुम्हीच थेट पाठवा.

पण ज्याने बोका बघितला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो माणूस ग्रुपवर नसतोच. मांजर बाहेर येतं ते रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान, रहदारी थांबल्यावर. त्या वेळी जागा असतो वॉचमन आणि पाठोपाठ येतात दूधवाला, पेपरवाला, झाडूवाले. त्यांच्यासाठी सूचनेचा कागद छापून गेटवर, लिफ्टमध्ये आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी लावावा. बिहार, नेपाळकडचे वॉचमन पुष्कळ असतात, त्यामुळे मजकूर हिंदीतही हवा. खरं तर त्यांच्याशी बोलणं सगळ्यात बरं. ‘बिल्ली देखी क्या?’ असं विचारलं तर ‘इधर तो बहुत घूमती हैं’ असं उत्तर येणार. फोटो दाखवून ‘सफेद पंजेवाली, परसों से नई दिखी क्या?’ असं विचारलं, की माणूस आठवायला लागतो.

आपल्या कोथरूडच्या उदाहरणात गुरुवारी वॉचमन म्हणाला, की पहाटे तीनला पंप रूमच्या दारातून काहीतरी नारिंगी गाड्यांकडे पळालं. एवढ्यावर लगेच तिथे धावून जायचं नाही. आधी पंप रूमचं दार रात्री उघडं राहतं का, हे पंप चालवणाऱ्याला विचारायचं. मग त्याच वेळी एकट्याने जायचं, टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा आणि अंधारात चमकणारे दोन हिरवट ठिपके शोधायचे. मांजराच्या डोळ्यांतला मागचा पडदा प्रकाश परत फेकतो, त्यामुळे अंग दिसलं नाही तरी डोळे दिसतात. दिसल्यावर जमिनीवर बसायचं, नेहमीचं खाणं आणि त्याची वापरलेली चादर पुढे ठेवायची, गप्प राहायचं. आला नाही, तर पिंजरा लावायचा. दिवाळीत आणखी एक शक्यता तपासावी लागते. बाल्कनीतून किंवा अर्ध्या उघड्या दारातून मांजर आत शिरतं आणि घरातली माणसं कुलूप लावून गावी जातात. कोण गावी गेलंय हे सोसायटीत सगळ्यांना माहीत असतं. त्यांना फोन करून किल्ली कोणाकडे आहे हे विचारायला संकोच करू नये.

कुत्र्याचं गणित वेगळं. तो लपण्यापेक्षा पळतो, रस्ता धरतो आणि काही तासांत दोन वस्त्या ओलांडतो, म्हणून तिथे सूचना लांबवर जाणंच हिताचं. वस्तूंच्या बाबतीत तर नियम पार उलटा. सोन्याची साखळी हरवली असेल, तर ‘पार्किंगमध्ये साखळी हरवली’ इतकंच लिहावं. पदक कसलं, कडी तुटली आहे का, हे मनात ठेवावं आणि फोन करणाऱ्याकडून वदवून घ्यावं. बोक्याचीही एखादी खूण अशीच राखून ठेवायची. वरच्या सूचनेत बंड्याच्या शेपटीचं टोक वाकडं आहे हे मी लिहिलेलं नाही.

याचं कारण फोन करणारे सगळे भले नसतात. ‘तुमचं मांजर माझ्याकडे आहे, रिक्षाचे पाचशे पाठवा’ असे फोन येतात, कधी क्यूआर कोडही येतो. शेपटी कशी आहे, एवढं विचारलं की बहुतेक जण फोन ठेवतात. आणि यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

बक्षीस जाहीर करायचं तर विचारपूर्वक करावं. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर वस्तू शोधून देणारा त्यासाठी दावा करू शकतो. मात्र १९१३च्या लालमन शुक्ला खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्याला बक्षिसाची कल्पनाच नव्हती त्याला ते मागता येणार नाही. मांजराच्या बाबतीत मोठ्या रकमेचा तोटाच होतो, कारण मग सगळी गल्ली जाळं घेऊन धावते. नकोच असं माझं मत. वॉचमनला हातात काहीतरी द्यावं, ते वेगळं.

सापडल्यावर लोक हटकून विसरतात ते कळवायचं. फॉरवर्ड झालेल्या प्रती परत घेता येत नाहीत, तुमचा नंबर घेऊन त्या फिरत राहतात. म्हणून जिथे जिथे सूचना टाकली, तिथे मूळ मेसेजला रिप्लाय करूनच लिहावं: ‘सापडला. शुक्रवार, २४ ऑक्टोबर, पहाटे साडेतीन, बी विंगची पंप रूम, मोटारच्या मागे.’ जागा लिहायला विसरू नये. पुढच्या फटाक्यांत कोणाचं मांजर निसटलं आणि त्याने ग्रुपच्या सर्चमध्ये ‘मांजर’ टाकलं, की त्याला हा मेसेज सापडेल आणि तो आधी पंप रूम उघडून बघेल.