हजेरीचा संदेश पत्रात उतरवताना

भिलाई : “तुमचा मुलगा शाळेत येतच नाही. असेच चालले तर परीक्षेला बसू देणार नाही.” दहावीच्या वर्गशिक्षकाने मोबाइलवर घाईत पाठवलेला असा संदेश शाळेच्या औपचारिक पत्रात उतरवताना ‘कृपया’ जोडून भागत नाही; त्यातील विधानेच तपासावी लागतात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असलेल्या भिलाईतील एखाद्या शाळेचे उदाहरण घेऊ. ‘येतच नाही’ऐवजी हजेरीपटातील आकडे द्यावेत : ९६ पैकी ६४ दिवस उपस्थिती, म्हणजे सुमारे ६७ टक्के. मंडळाची अट ७५ टक्क्यांची आहे. वर्षभरात शाळा २२० दिवस भरणार असेल, तर १६५ दिवसांची उपस्थिती हवी. म्हणजे उरलेल्या १२४ पैकी १०१ दिवस. ‘यापुढे २३ पेक्षा अधिक दिवस अनुपस्थिती झाल्यास अट पूर्ण होणार नाही’ हे वाक्य धमकीपेक्षा स्पष्ट आहे.

दुसरे विधान तर शिक्षकाच्या अधिकारातलेच नाही. आजारपणासारख्या कारणांसाठी सवलत देण्याचा निर्णय मंडळ घेते. शाळा कागदपत्रांसह प्रकरण पाठवते. म्हणून पत्रात लिहावे : ‘अनुपस्थितीचे कारण कळवावे. आजारपण असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.’ कारण ठाऊक नसताना पालकांवर दुर्लक्षाचा ठपका ठेवल्यास तेच प्रमाणपत्र वेळेवर मिळत नाही आणि नुकसान विद्यार्थ्याचे होते.

शेवटी भेटीची तारीख व वेळ द्यावी. मात्र सौजन्यापोटी ७५ टक्क्यांची अट गाळू नये. ती वगळलेले पत्र मृदू असले, तरी पालकांना अंधारात ठेवते.