हळदीचा फोटो आणि टॅगची चावी

हळदीत नाचताना पदर सुटलेली, तोंड पिवळंधम्मक झालेली नवरीची मैत्रीण. फोटो टाकला मामींनी, टॅग केलं तिला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या साहेबांचा लाइक!

हे घडतं, कारण फेसबुकवर टॅग केलं की तो फोटो टाकणाऱ्याच्या मित्रांबरोबरच टॅग झालेल्या व्यक्तीच्या मित्रांनाही दिसू शकतो. त्यावर उपाय सेटिंग्जमधल्या Profile and tagging या भागात आहे. तिथलं आपल्याला टॅग केलेल्या पोस्ट आधी तपासण्याचं बटण सुरू केलं, की अशी पोस्ट मंजुरीशिवाय आपल्या प्रोफाइलवर येत नाही. इन्स्टाग्रामवरही टॅग स्वतः मंजूर करण्याची सोय आहे.

पण गंमत अशी, की हे कुलूप फक्त आपल्या दाराला. पोस्ट मामींच्या प्रोफाइलवर राहतेच, इतरांच्या फीडमध्येही दिसू शकते. फोटोच्या मेनूतून टॅग काढला तरी नाव जातं, फोटो राहतो. तो हटवणं मामींच्याच हाती.

म्हणून मैत्रिणीने आधी टॅग काढला, मग खासगी मेसेज केला: ‘मामी, फोटो झकास आलेत! फक्त चौथ्यात माझा अवतार बघवत नाही, ऑफिसचे लोकही बघतात. तेवढा एक काढाल का?’ कमेंटमध्ये हेच लिहिलं असतं, तर मामींना चारचौघांत टोचलं असतं आणि फोटोकडे लक्षही जास्तच गेलं असतं.

मामींनी फोटो काढला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र तो अजून फिरतोय.