कुलपाच्या मापाचं यंत्र

टेबलावर सगळ्यात आधी येऊन पडलं ते कुलूप. काडेपेटीएवढा करडा प्लास्टिकचा तुकडा, एका बाजूला पंचवीस पिना, दुसऱ्या बाजूला पंचवीस भोकं. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर नव्वदच्या दशकात हे असं ‘लॉक’ यायचं. संगणकाच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला ते लावलेलं असेल तरच प्रोग्रॅम चालू व्हायचा आणि त्याचे फॉन्ट उमटायचे. ज्यांच्या छापखान्यातून ते आलं होतं, त्या मुद्रककाकांकडे १९९९ ते २००३ या वर्षांचे पाच दिवाळी अंक पेजमेकर ६.५ च्या फायलींमध्ये अडकून पडले होते. नव्या संगणकावर त्यातला मजकूर कॉपी केला, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी अक्षराचा तुकडा एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेला असायचा. फॉन्ट नाही तर वाचन नाही, आणि लॉकशिवाय फॉन्ट नाही.

“यूएसबीची केबल मिळते ना प्रिंटरच्या पोर्टची? ती लावून बघा की,” काका म्हणाले.

संगणक जोडून देणाऱ्या दुरुस्तीकाराने ती आधीच लावून पाहिली होती. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते. लॉक शोधणारा प्रोग्रॅम मात्र थेट ३७८ या पत्त्यावर जाऊन पिनांवर संकेत पाठवतो आणि उत्तर येतं का ते पाहतो. यूएसबीच्या केबलपलीकडे तो पत्ताच नसतो. नव्या बोर्डात पॅरलल पोर्टचं कार्ड बसवता येतं, पण पीसीआयवरच्या अशा कार्डाला बहुतेकदा भलताच पत्ता मिळतो आणि जुना प्रोग्रॅम तिकडे फिरकतही नाही. म्हणून कुलपासाठी यंत्र जमवायचं ठरलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुना संगणक जोडणारे पुष्कळ जण हाती लागलेल्या प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि मग प्रत्येक भागाशी भांडत बसतात. इथे पोर्टने बोर्ड ठरवला, बोर्डाने रॅम आणि प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिम.

विंडोज ९८ मध्ये साधा प्रोग्रॅम पोर्टशी थेट बोलू शकतो. एनटीच्या घराण्यातल्या विंडोज २००० किंवा एक्सपीमध्ये ती मुभा नाही, मध्ये लॉकचा खास ड्रायव्हर लागतो. काकांच्या लॉकबरोबर आलेल्या सीडीत तो नव्हता. त्यामुळे निवड झाली ती १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीची. मूळ सीडी आणि परवान्याचा कागद छापखान्याच्या कपाटात सापडला.

बोर्ड पुण्याच्या जुन्या बाजारातून आला. इंटेलचा ४४०बीएक्स हा चिपसेट १९९८ मधला. त्यावरच्या बोर्डांना मागे दोन सीरियल पोर्ट, एक पॅरलल, पुढे फ्लॉपीची जोडणी, दोन आयडीई, आणि प्रोसेसर उभा बसवायची लांबलचक खाच, म्हणजे स्लॉट वन. त्यात ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बसला. त्याहून वेगवान पेंटियम थ्रीही त्याच बाजारात होता, पण तो नंतरच्या कॉपरमाइन जातीचा, १.६५ व्होल्टवर चालणारा. सुरुवातीच्या बीएक्स बोर्डांवरचा व्होल्टेजचा भाग इतका कमी दाब देत नाही. खाचेत प्रोसेसर बसतो म्हणून तो चालेल असं नाही.

विकत घ्यायच्या आधी दुरुस्तीकाराने बोर्ड उन्हात आडवा धरून कपॅसिटरच्या माथ्यांकडे पाहिलं. माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा फुलीच्या खाचेतून तपकिरी खरड आली असेल, तर बोर्ड कधी चालू होतो, कधी अडतो आणि दोष सापडता सापडत नाही. हा स्वच्छ होता. दोन माउंटिंगच्या भोकांभोवती गंज होता, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

खरी परीक्षा रॅमची झाली. या काळातल्या पट्ट्या १६८ पिनांच्या, दोन खाचांच्या. काकांच्या भंगारातून २५६ एमबीच्या दोन निघाल्या, दोन्हींवर पीसी१३३ असं लिहिलेलं. बोर्ड १०० मेगाहर्ट्झचा असला तरी वेगवान पट्टी हळू चालायला तयार असते, त्याची अडचण नव्हती. पहिली पट्टी लावून बटण दाबलं तर पडदा काळाच, आणि स्पीकरमधून लांब बीप पुन्हा पुन्हा. अवॉर्ड बायोसच्या भाषेत याचा अर्थ एकच, रॅम दिसत नाही. पट्टी काढली, सोनेरी पट्ट्यांवरून शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, रबराची कुस झटकली आणि पट्टी पुन्हा बसवली. दोन्ही बाजूंचे पांढरे चाप आपोआप टक्क करून मिटले, म्हणजे ती नीट बसली. बीप थांबला. पडद्यावर मोजणी आली:

```
Memory Test : 131072K OK
```

म्हणजे १२८ एमबी. पट्टी तर २५६ ची. अर्धी रॅम गेली कुठे?

इथे दुरुस्तीकाराने पट्टी काढून तिच्यावरच्या काळ्या चिपा बोटाने मोजल्या. एका बाजूला आठ, दुसरी बाजू रिकामी. दुसऱ्या पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा. लेबल सारखं, क्षमता सारखी, पण आतली बांधणी वेगळी. सोळा चिपांच्या पट्टीत प्रत्येक चिप १२८ मेगाबिटची, म्हणजे १६ एमबीची. सोळा सोळं दोनशे छप्पन. आठ चिपांच्या पट्टीत प्रत्येक चिप २५६ मेगाबिटची. बीएक्सला १२८ मेगाबिटपर्यंतचीच चिप पत्त्यांनी गाठता येते, त्यापुढचा अर्धा भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. काही बोर्ड अशा पट्टीवर चालूच होत नाहीत. हा निम्मी दाखवून चालला, आणि तेच जास्त फसवं. माणूस पट्टी खराब समजून फेकून देतो, आणि ती नंतरच्या काळातल्या बोर्डात ठणठणीत चालते. सोळा चिपांची लावल्यावर आकडा २६२१४४ झाला. विंडोज ९८ ला यापेक्षा जास्त द्यायची गरज नव्हती. रॅम ५१२ एमबीच्या पुढे गेली, की विंडोजची कॅशेची व्यवस्था गोंधळते आणि मेमरी अपुरी असल्याचा उलटाच संदेश येतो.

वीजपुरवठ्याला नवा एसएमपीएस वापरला. त्याचा चोवीस पिनांचा प्लग वीस पिनांच्या सॉकेटात चार पिना बाहेर लटकत ठेवून बसतो. जोडण्याआधी हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडून तो एकटा चालवला आणि मल्टिमीटरवर लाल तारेचा दाब पाहिला: ५.०८. पावणेपाच ते सव्वापाच व्होल्टच्या आत असला की पुरे.

हार्ड डिस्कच्या जागी ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, आयडीईच्या छोट्या अडॅप्टरवर. जुन्या डिस्क खडखडतात आणि केव्हा दगा देतील सांगता येत नाही. शिवाय कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, की फायली बाहेर नेण्याचा प्रश्नच मिटतो. कार्ड मुद्दाम लहान घेतलं. त्या काळातल्या कित्येक बायोस ३२ जीबीच्या पुढची डिस्क मोजताना तिथेच अडकून पडतात. फ्लॉपीची केबल जोडताना लाल कड एक नंबरच्या पिनेकडे हवी. पहिल्यांदा ती उलटी बसली होती आणि ड्राइव्हचा हिरवा दिवा चालू झाल्यापासून विझेचना. ही खूण इतकी पक्की आहे, की दिवा पाहूनच केबल फिरवायची.

मग स्टार्टअप फ्लॉपीवरून कामाला सुरुवात झाली. `fdisk` मोठ्या डिस्कबद्दल विचारतं तेव्हा `Y` म्हणायचं. `N` म्हटलं तर भाग २ जीबीच्या पुढे जात नाही. पार्टिशन झाल्यावर एकदा रीस्टार्ट, आणि पुढे:

```
format c: /s
md c:\win98
copy e:\win98\*.* c:\win98
c:\win98\setup
```

सीडी `E:` कशी, हा प्रश्न काकांनीही विचारला. ती फ्लॉपी रॅममध्ये एक तात्पुरती डिस्क तयार करते आणि `D:` हे अक्षर तिला देते, म्हणून सीडी एक घर पुढे सरकते. सेटअपच्या सगळ्या फायली आधी कार्डावर उतरवून घेतल्या, कारण विंडोज ९८ नवा ड्रायव्हर घालताना दर वेळी मूळ सीडी मागतं.

पेजमेकर बसलं, अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बसलं, लॉक मागे लावून त्याचे स्क्रू आवळले. प्रोग्रॅम उघडला आणि म्हणाला, लॉक सापडत नाही.

काकांचा चेहरा उतरला. दुरुस्तीकार बायोसमध्ये गेला. पॅरलल पोर्टचा पत्ता बरोबर होता, `378/IRQ7`. पण पद्धत `ECP+EPP` होती. ही पद्धत वेगवान प्रिंटर आणि स्कॅनरसाठी, आणि काही जुन्या लॉकना ती मानवत नाही. ती `SPP` केली, सेव्ह केलं. या खेपेला लॉक सापडलं, फॉन्टची यादी उघडली. सगळ्यांनी चहा घेतला, तोवर यंत्र बंद करून प्लग काढून ठेवला होता. परत चालू केलं तर लॉक पुन्हा गायब.

उत्तर पडद्यावर सुरुवातीलाच येऊन गेलं होतं, घाईत कुणी वाचलं नव्हतं: `CMOS checksum error - Defaults loaded`. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली. वीज तुटली की बायोस सगळं विसरतं आणि मूळ मांडणीवर, म्हणजे `ECP+EPP` वर, परत जातं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ आणली, तारीख घातली, `SPP` पुन्हा लावलं. प्लग काढून दहा मिनिटं थांबून चालू केलं. लॉक जागेवर.

फ्लॉप्यांचं काम सगळ्यात जिकिरीचं निघालं. अंकांच्या फायली फ्लॉप्यांवर होत्या, आणि पावसाळ्याच्या वीस-पंचवीस खेपा झेललेल्या त्यांच्या डब्यात काही फ्लॉप्यांच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. पत्र्याचं दार सरकवून चकती उजेडात फिरवून पाहिल्याशिवाय एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, असा नियम दुरुस्तीकाराने केला. बुरशीची एक फ्लॉपी आत गेली, की ड्राइव्हच्या हेडला ती मळ लावते आणि तोच मळ पुढच्या चांगल्या चकतीला ओरखडतो. ठिपक्यांच्या सहा बाजूला ठेवल्या. बाकीच्यांतल्या फायली आधी कार्डावर कॉपी केल्या, उघडल्या नंतर. दर आठ-दहा फ्लॉप्यांनी हेडवरून आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा फिरला.

संध्याकाळी १९९९ च्या अंकाची `.p65` फाइल उघडली. अनुक्रमणिका, संपादकीय, आणि काकांच्या थोरल्या भावाने स्वतः जुळवलेली कवितांची पानं, सगळी अक्षरं जिथल्या तिथे. काका पडद्याच्या अगदी जवळ जाऊन ‘ऱ्हस्व’ मधला ऱ्ह बघत होते. तो जोडायला चार कळा लागायच्या, आणि सांध्यात कुठे फट दिसायला नको, असा भावाचा आग्रह असायचा. फट नव्हती.

प्रिंटच्या खिडकीत पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायचा पर्याय निवडला, फॉन्ट आत घालायची खूण केली. मशिन पानं मोजू लागलं. पीडीएफ पुढे लॅपटॉपवर होणार होती, युनिकोडचं रूपांतर त्यानंतर. काकांनी तोवर बाजूला ठेवलेल्या सहा फ्लॉप्यांमधली वरची उचलली आणि तिच्या लेबलावर पेनाने लिहिलेलं वर्ष वाचलं. २००१. त्या वर्षाच्या बाकीच्या चार फ्लॉप्या चांगल्या निघाल्या होत्या. ही पाचवी होती, जाहिरातींची. दुरुस्तीकाराने ती घेतली, पत्रा सरकवला आणि अल्कोहोलची बाटली पुन्हा उघडली.