दादरचा नकाशा उलटा वाचावा

दादर स्थानकाच्या नकाशापुढे उभा राहिलेला माणूस आधी फलाट शोधतो. माझ्या मते सुरुवात बाहेरच्या टोकापासून करावी. जायचंय कुठे? फूलबाजारात, तर पश्चिम. स्वामीनारायण मंदिराकडे, तर पूर्व. तिथून बोट आत सरकवत पुलावर न्यायचं, पुलावरून फलाटावर.

समजा, ठाण्याहून सीएसएमटीच्या लोकलने येऊन फूलबाजार गाठायचा आहे. मध्य रेल्वेचे फलाट पूर्वेला आणि पश्चिम रेल्वेचे पश्चिमेला, म्हणजे पश्चिम रेल्वेचे सगळे रूळ ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. त्यामुळे दोन्ही रेल्वेंच्या फलाटांवरून थेट पश्चिमेला जाणारा पूल हवा. पुलाची रेघ कुठे संपते, हे शेवटपर्यंत पाहावं. मग आपल्या फलाटावर त्या पुलाचा जिना उतरतो का, ते बघायचं. फलाटावरून रेघ गेली म्हणजे तिथे जिना असेलच असं नाही. जिन्याची खूण वेगळी असते.

पूल ठरला की डबाही ठरवता येतो. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते. चुकीच्या टोकाला उतरलात, तर गर्दीतून तेवढं अंतर चालावं लागतं. सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीचे मागचे डबे कल्याणच्या टोकाला थांबतात. आपला पूल त्या टोकाला असेल, तर ठाण्यातच मागे चढावं. परतताना हेच उलटं होतं: कल्याणकडे निघालेल्या गाडीचे पुढचे डबे त्या टोकाला येतात. नकाशा डोळ्यांपुढे नीट बसवायला गाडीची दिशा उपयोगी पडते. ठाण्याहून येताना गाडीच्या दिशेने तोंड केलं, की पश्चिम उजव्या हाताला.

नकाशा जुना असला, तर मात्र घोटाळा होतो. 9 डिसेंबर 2023पर्यंत दादरला एक नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. तेव्हापासून पश्चिमेचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. नकाशावर ‘1’ दोनदा दिसला, तर तो जुना समजा. अशा वेळी सरसकट सात मिळवू नका. मध्य रेल्वेचा जुना 1 आता 8 आहे, पण तो रुंद करण्यासाठी जुना 2 बंद झाला, म्हणून जुना 3 हा 10 न होता 9 झाला आणि पुढे सगळीकडे सहाच मिळवायचे. जुन्या 4चा 10, जुन्या 8चा 14.

दुरुस्तीसाठी बंद असलेला जिना छापील नकाशात दिसत नाही. लांब पल्ल्याची गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर आली, तर तेही त्यात नसतं. त्यासाठी इंडिकेटर पाहावा, उद्घोषणा ऐकावी, आणि नकाशा पाहतानाच पश्चिमेला नेणारा दुसरा पूलही हेरून ठेवावा.