मिठाचं माप एकटं जाऊ नये

लांब परिच्छेदाची कॅरोसेल करायची म्हटलं की बरेच जण प्रत्येक पूर्णविरामाला कात्री लावतात. पण एका वाक्यात दोन मुद्दे असू शकतात आणि कधी तीन वाक्यं मिळून एकच मुद्दा होतो.

हा परिच्छेद पाहा: ‘जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात, त्यामुळे नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावं. साखरेमुळे आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं. मीठ वाढलं तर अपाय होतो. उरलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यावं. बाळाचं दूध बंद करू नये.’

आधी प्रत्येक मुद्द्यापुढे तो वाचकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते लिहा. नुसतं पाणी का नको? घरी कसं करायचं? किती वेळ ठेवायचं? बाळाचं काय? एका प्रश्नाला एक स्लाइड. इथे लक्षात येतं की मिठाच्या धोक्याला स्वतःचा प्रश्नच नाही. तो ‘कसं करायचं’ याच उत्तराचा भाग आहे. मूळ परिच्छेदात तो मापापासून एक वाक्य दूर होता, तरी चाललं, कारण नजर पुढे जातेच. स्लाइडवर मात्र माप, ‘सपाट’ हा शब्द, ‘पुडी नसेल तर’ ही अट आणि मिठाचा इशारा एकत्रच हवेत. लोक तेवढ्याच स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. इशारा पुढच्या स्लाइडवर राहिला तर तो तिथे पोहोचतच नाही.

ही स्लाइड इतरांपेक्षा भरगच्च होते. होऊ द्या. जागा करायची तर साखरेचं कारण वेगळ्या स्लाइडवर न्या. ते कळलं नाही तरी पाणी बरोबरच तयार होतं.

क्रमही बदलतो. परिच्छेद कारणापासून सुरू झाला होता. कॅरोसेलच्या पहिल्या स्लाइडवर ‘जुलाब झालेत, पुडी नाही? घरी असं करा’ हे हवं आणि लगेच दुसरीवर कृती. कारण तिसरीवर आलं तरी चालतं. इन्स्टाग्रामवर 20 स्लाइड चढवता येतात, म्हणून त्या भरायलाच हव्यात असं नाही. इथे पाच पुरतात.

मग स्लाइड उलटसुलट क्रमाने वाचून बघा. ‘त्यामुळे’, ‘ते’, ‘असं केल्यास’ अशी सुरुवात असलेली स्लाइड एकटी पडली की अडखळते. ‘ते 24 तासांनी टाकावं’ म्हणजे काय टाकायचं? ‘मीठ-साखरेचं उरलेलं पाणी’ असं पुन्हा पूर्ण लिहा. परिच्छेदात ही पुनरुक्ती खटकली असती.

काही परिच्छेद मात्र असे तुटतच नाहीत. एखाद्या निर्णयाची बाजू मांडून, तिच्यावर आक्षेप घेऊन, मग त्या आक्षेपाची मर्यादा दाखवणारा युक्तिवाद घ्या. त्याची मधली स्लाइड एकटी फिरली तर लेखकाच्या तोंडी विरुद्ध मत जातं. तो परिच्छेद आहे तसाच छापावा.