कोंडा 'बरा' करणारं तेल

समजा, सांगलीतल्या एका बाईंनी खोबरेलात माका आणि जास्वंद कढवून केसांचं तेल तयार केलं, सौंदर्यप्रसाधनाचा परवाना काढला आणि ऑनलाइन विक्रीला ठेवलं. खाली लिहिलं: 'केसगळती थांबते, टकलावर नवे केस येतात, कोंडा मुळापासून बरा होतो.' दोन-तीन दिवसांत पान गायब.

तेलात खोट नाही, वाक्यात आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधन म्हणजे जे स्वच्छ करतं, रूप खुलवतं किंवा बदलतं ते. रोगावर उपचार करतं ते औषध. म्हणजे 'बरा होतो' म्हटलं की प्रसाधनाच्या परवान्यावर औषध विकल्यासारखं होतं. ऑनलाइन बाजारांचे नियम याच रेषेवर चालतात. आयुर्वेदिक औषधाचा परवाना काढू म्हणाल, तर १९४५ च्या नियमांतल्या 'शेड्यूल जे'मध्ये, म्हणजे औषधाने जे बरं करण्याचा दावा करूच नये अशा यादीत, टक्कल आहेच.

म्हणून टकलाचं वाक्य सरळ काढायचं. 'नवे केस यायला मदत होते' असं मऊ करूनही ते सुटत नाही. ही पळवाट तपासणाऱ्यांना पाठ असते.

केसगळतीचं तसं नाही. केस मुळापासून गळतात, तसे मधेच तुटतातही. तेलानं घर्षण कमी होतं, त्यामुळे तुटणं कमी होऊ शकतं. '​विंचरताना केस कमी तुटतात' हे प्रसाधनाचं वाक्य झालं. पुरावा मात्र हवा. धुताना केसांतून निघून जाणारं प्रथिन खोबरेलामुळे कमी होतं, सूर्यफुलाच्या तेलानं तसं होत नाही, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पण तो शुद्ध खोबरेलाचा पुरावा. तुमच्या मिश्रणाचा नव्हे. प्रयोगशाळेत केसांच्या बटा तेल लावून आणि न लावता ठरावीक वेळा विंचरतात आणि तुटलेले केस मोजतात. तो अहवाल स्वतःच्या तेलाचा असावा.

कोंड्याबाबत तर गप्प बसलेलंच बरं. खऱ्या कोंड्याशी जोडलेली बुरशी तेलकट पदार्थांवरच पोसते. 'टाळूचा कोरडेपणा कमी जाणवतो' एवढं लिहावं.

मग गिऱ्हाईक खेचायचं कशानं? माझ्या मते तपशिलानं. 'न्हाण्याआधी तासभर दोन चमचे लावा. गुंता सहज सुटतो, केस मऊ लागतात, उग्र वास येत नाही.' हे वाचणाऱ्याला आपला रविवार सकाळचा आरसा दिसतो. 'चमत्कारी' या शब्दानं काहीच दिसत नाही.

बाईंनी वर्णन असं बदललं, तरी पान पुन्हा उडालं. बाटलीच्या फोटोवर 'आधी' आणि 'नंतर'चं टक्कल तसंच होतं, आणि शोधासाठी भरलेल्या, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या शब्दांत 'टक्कल उपचार'.