स्टायपेंडमधून कापलेले दहा टक्के

इंटर्नशिपच्या पत्रावर महिना २५,००० रुपये लिहिलेले असतात आणि खात्यात २२,५०० जमा होतात. विचारले की कंपनीतून उत्तर येते, ‘टीडीएस कापला आहे, फॉर्म १६ए मिळेल.’ बहुतेक विद्यार्थी यावर गप्प बसतात. आईवडिलांनाही वाटते, सरकारचा कर होता, तो गेला. प्रत्यक्षात यातले बरेचसे पैसे, बहुतेकदा सगळेच, परत मिळण्यासारखे असतात. ते आपोआप मात्र येत नाहीत.

आधी मूळ प्रश्न. स्टायपेंड करपात्र आहे का? प्राप्तिकर कायद्यात शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम १०(१६) मध्ये आहे आणि तिला रकमेची मर्यादा नाही. कंपन्यांमधल्या बहुतेक इंटर्नशिपचे पैसे या व्याख्येत बसत नाहीत, कारण ते काम करून घेण्याच्या बदल्यात दिलेले असतात. सकाळी दहाला हजर राहायचे, कोड किंवा अहवाल लिहून द्यायचा, रजा विचारून घ्यायची आणि महिनाअखेर ठरलेली रक्कम घ्यायची, असे असेल तर तो मोबदला आहे. पत्रावर ‘शिष्यवृत्ती’ असा शब्द घातला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. उलट बाजूही आहे. सीएच्या आर्टिकलशिपसारखे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग असते आणि तिथला स्टायपेंड शिक्षणखर्चासाठीच आहे असे मानणारे निर्णय आहेत. अशा प्रकरणात जाणत्या सल्लागाराला विचारून भूमिका घ्यावी. सर्वसाधारण कंपनीतल्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी मात्र ही रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, हेच मला योग्य वाटते.

इथेच गैरसमज होतो. उत्पन्न करपात्र असणे आणि त्यावर कर भरावा लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, जुन्या रचनेत ही मर्यादा अडीच लाख आहे. नव्या रचनेतल्या सवलतीमुळे नेहमीच्या दराने करपात्र असलेल्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरही प्रत्यक्ष कर उरत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळाले, तर सहा महिन्यांचे होतात ६०,०००. दुसरे काही उत्पन्न नसेल, तर त्यावर कराचा प्रश्नच उद्भवत नाही. सज्ञान मुलाचे किंवा मुलीचे हे उत्पन्न वडिलांच्या किंवा आईच्या उत्पन्नात मिळवायचेही नसते. ही भीती पालकांच्या बोलण्यातून वारंवार ऐकू येते, म्हणून मुद्दाम सांगतो.

मग कर नसताना टीडीएस का कापला? कंपनी पैसे कोणत्या नावाने देते, त्यावर हे ठरते. इंटर्नला पगारदार मानले तर कंपनीने वर्षभराच्या पगाराचा अंदाज काढायचा असतो आणि तो मर्यादेच्या आत असेल तर काहीच कापायचे नसते. पण पुष्कळ कंपन्या इंटर्नला पगारपटावर घेत नाहीत. त्याला दिलेले पैसे त्या व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवेची फी म्हणून नोंदवतात आणि कलम १९४जे लावतात. या कलमात समोरच्याचे वर्षाचे एकूण उत्पन्न किती, हे कंपनीने बघायचेच नसते. व्यावसायिक सेवेसाठी एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारी रक्कम ५०,००० च्या वर गेली की १० टक्के कापायचे. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. पॅन दिलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के जातात, म्हणून रुजू होताना पॅन द्यायला विसरू नये.

काही विद्यार्थी फॉर्म १५जी भरून देतात आणि कपात टळेल अशी आशा धरतात. बँकेच्या व्याजासाठी तो चालतो, १९४जे साठी चालत नाही. कमी दराने कपातीचा दाखला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून आधी मिळवण्याची सोय आहे, पण चारसहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी एवढी खटपट क्वचितच परवडते. कापू द्यावे आणि नंतर परत मागावे, हाच व्यवहार्य मार्ग.

परत मागताना फॉर्म १६ए उपयोगी पडतो. हे कपातीचे प्रमाणपत्र आहे. कंपनीने तुमच्या पॅनवर किती रक्कम दिली, त्यातून किती कर कापला आणि तो कोणत्या चलनाने सरकारकडे भरला, हे त्यात लिहिलेले असते. पगारावरच्या कपातीसाठी वर्षातून एकदा फॉर्म १६ मिळतो, १६ए मात्र दर तिमाहीचा वेगळा असतो. खरे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याच्या ट्रेसेस प्रणालीतूनच उतरवलेले असते आणि त्यावर प्रमाणपत्र क्रमांक व कंपनीचा टॅन असतो. मनुष्यबळ विभागाने ‘टीडीएस १० टक्के’ लिहून दिलेली स्लिप म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे तुमच्यावर तेवढा कर बसत होता, असाही अर्थ होत नाही. तेवढी रक्कम तुमच्या नावावर सरकारजमा आहे, एवढेच ते सांगते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने जुलै ते डिसेंबर २०२५ अशी सहा महिने इंटर्नशिप केली. महिना २५,००० प्रमाणे दीड लाख झाले, त्यातून १५,००० कापले गेले आणि हातात आले १,३५,०००. तिला दोन प्रमाणपत्रे मिळायला हवीत. जुलै-सप्टेंबर तिमाहीचे १५ नोव्हेंबरपर्यंत आणि ऑक्टोबर-डिसेंबरचे १५ फेब्रुवारीपर्यंत, प्रत्येकी ७५,००० रुपयांवर ७,५०० कपातीचे. दुसरे प्रमाणपत्र येईपर्यंत ती कंपनीतून बाहेर पडलेली असते. कंपनीचा ईमेल बंद झालेला असतो आणि प्रमाणपत्र नेमके त्याच पत्त्यावर जाते. निघताना स्वतःचा ईमेल लेखा विभागाला लेखी कळवणे, एवढ्यावर हे टळते.

प्रमाणपत्र आले नाही तरी तिचे काम अडत नाही. incometax.gov.in वर पॅनने लॉगिन करून `e-File` → `Income Tax Returns` → `View Form 26AS` असे गेले की तिच्या पॅनवर जमा झालेला सगळा टीडीएस दिसतो. त्यात कंपनीचे नाव, दिलेली रक्कम, कापलेला कर, जमा झालेला कर आणि शेजारी एक अक्षर असते. `F` म्हणजे नोंद पक्की. `U` म्हणजे कंपनीने विवरणात दाखवलेला भरणा बँकेतल्या चलनाशी जुळलेला नाही. मी तर म्हणेन, प्रमाणपत्रापेक्षा आधी हे पान बघावे, कारण परतावा देताना खात्याचा संगणक याच नोंदींशी पडताळणी करतो.

दीड लाखाऐवजी तिथे ७५,००० च दिसले, तर एका तिमाहीत काहीतरी चुकले आहे. बहुधा पॅनचे एखादे अक्षर चुकलेले असते, नाहीतर कंपनीने विवरण भरायला उशीर केलेला असतो. दोन्ही दुरुस्त्या कंपनीच करू शकते. पगारपत्रक, बँकेचे विवरण आणि पॅनची प्रत जोडून दुरुस्ती विवरण भरण्याची विनंती ईमेलने करावी. प्रमाणपत्र वेळेत न देणाऱ्या कंपनीला दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे, हे त्या ईमेलमध्ये नम्रपणे लिहायला हरकत नाही.

नोंदी जुळल्या की विवरणपत्र भरायचे. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हातात आलेले १,३५,००० उत्पन्न म्हणून लिहिणे. दाखवायचे असतात पूर्ण दीड लाख, कारण कापलेले १५,००० ही तिचीच कमाई आहे. बचत खात्यावर ३,००० रुपये व्याज मिळाले असेल तर तेही, म्हणजे एकूण १,५३,०००. आजोबांनी तिच्या नावावर ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज विसरू नये, ते वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतेच. एकूण उत्पन्न ४ लाखांच्या आत, कर शून्य, भरलेला कर १५,०००, म्हणून परतावा १५,०००.

फॉर्म कोणता, हा थोडा नाजूक भाग आहे. शिकत असतानाचा स्टायपेंड म्हणून ही रक्कम ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात दाखवली तर आयटीआर-१ पुरतो. पण १९४जे म्हणजे व्यावसायिकाचे उत्पन्न, असे गृहीत धरून विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस येऊ शकते. घाबरू नये. उत्तराला १५ दिवस मिळतात आणि इंटर्नशिपचे पत्र हाताशी असले की आपण काय होतो हे सांगता येते. खरोखर स्वतंत्रपणे अनेकांची कामे घेणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रकरण मात्र वेगळे. ते व्यवसायाच्या उत्पन्नात जाते आणि त्यासाठी आयटीआर-३ किंवा ४ लागतो.

परतावा पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर आधी पडताळून घेतलेल्या स्वतःच्या बँक खात्यातच येतो, आणि पॅन आधारशी जोडलेले असावे लागते. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी केली नाही तर ते वेळेत भरलेले धरले जात नाही. मुदतीत भरल्यास १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळते, १५,००० वर महिन्याला ७५ रुपये.

जानेवारी ते जून अशी इंटर्नशिप असेल तर हिशेब दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. मार्चपर्यंतचे पैसे एका विवरणपत्रात आणि एप्रिलपासूनचे पुढच्या वर्षाच्या. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने दुसऱ्या भागासाठी कलमांचे क्रमांक वेगळे असतील. त्याच वर्षी जुलैत नोकरी लागली तर एप्रिल ते जूनचा स्टायपेंड नव्या पगारात मिळवून एकूण आकडा पाहावा लागतो आणि त्या वर्षी खरोखर कर बसू शकतो.

मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर सहसा विलंब शुल्कही लागत नाही. त्यानंतर अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे, पण तिच्यातून परतावा मागता येत नाही. मग उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज स्वीकारला जातो, मात्र उशिराचे कारण अधिकाऱ्याला पटावे लागते. त्यामुळे दोनतीन वर्षांपूर्वी इंटर्नशिप केलेल्यांनीही २६एएसमध्ये जुने वर्ष निवडून एकदा पाहावे.